एकच क्लिप, तीन ठिकाणं: दरहजारी आकडा काढण्याआधीची तयारी

आमच्या मावशीचा शेंगा चटणीचा घरगुती व्यवसाय आहे, सोलापुरात, आणि तिची इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब ही तिन्ही खाती मी सांभाळतो. उखळात चटणी कांडतानाची 38 सेकंदांची एक क्लिप आम्ही तिन्हीकडे टाकली. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, आणि मुसळाच्या घावांखाली दाण्याला तेल सुटून चटणीला चकाकी येते तो क्षण. आठवड्यानं मावशीनं मोबाइल हातात घेतला आणि विचारलं, "यूट्यूबवर लोकांना आवडली न्हाई व्हय रे?" इन्स्टाग्रामवर 9,240 व्ह्यूज होते, फेसबुकवर 8,050, यूट्यूबवर 6,020. नुसते आकडे पाहिले तर तिचं बरोबर होतं. पण फेसबुक पेजला 11,500 फॉलोअर्स, इन्स्टाग्रामला 4,200 आणि यूट्यूबला जेमतेम 860 सबस्क्रायबर. व्ह्यूजला फॉलोअर्सनं भागून हजारानं गुणलं की दर हजार फॉलोअर्समागचे व्ह्यूज, म्हणजे दरहजारी आकडा मिळतो: इन्स्टाग्राम 2,200, फेसबुक 700 आणि यूट्यूब 7,000. खालचा नंबर वर गेला. मात्र हा 7,000 सुद्धा लगेच खरा धरू नका, त्याचं पुढे सांगतो. आधी हा हिशोब निघावा म्हणून क्लिप टाकण्यापूर्वी काय काय हाताशी असायला हवं ते बघू.

पहिली गोष्ट म्हणजे फाइल एकच हवी. मोबाइलमध्ये संपादन करून सेव्ह केलेली मूळ फाइल तिन्हीकडे चढवा. एका ठिकाणाहून उतरवून घेतलेली, कोपऱ्यात दुसऱ्याच कंपनीचा शिक्का असलेली क्लिप वापरू नका. असा शिक्का ठळक दिसणारे व्हिडिओ आपण कमी सुचवतो, हे इन्स्टाग्रामनं 2021 मध्येच सांगितलं होतं. गाणं लावायचा मोहही टाळा. इन्स्टाग्रामच्या संग्रहातलं गाणं यूट्यूबवर मिळेलच असं नाही, आणि आवाज बदलला की क्लिप एक राहत नाही. आम्ही मुसळाचाच आवाज ठेवला. लांबी, पहिली चौकट, खालची ओळ, सगळं तेच. इन्स्टाग्रामवर रील टाकताना ती फेसबुकवरही आपोआप जाण्याची सोय असते, ती बंद ठेवा. चालू राहिली तर इन्स्टाग्रामवर दिसणाऱ्या आकड्यात फेसबुकचे व्ह्यूज मिसळतात आणि कुठले कोणाचे हे निवडत बसावं लागतं. त्या आठवड्यात पैसे भरून जाहिरातही करू नका.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त चुकणारी: फॉलोअर्सचा आकडा क्लिप टाकण्याच्या क्षणी वहीत उतरवा. मी हे एकदा केलं नाही. गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी इन्स्टाग्रामवर एक रील चांगली चालली, 13,000 व्ह्यूज झाले. हिशोब आठवड्यानं करायला बसलो तेव्हा फॉलोअर्स होते 3,250, म्हणून दरहजारी 4,000 लिहिले. प्रत्यक्षात रील टाकली तेव्हा फॉलोअर्स 2,600 होते. उरलेले 650 त्याच रीलमुळे आले होते. टाकतानाच्या आकड्यानं भागलं तर उत्तर 5,000 येतं. म्हणजे जी क्लिप नवे लोक आणते, तिच्याच दरात घट दिसते, आणि जी कोणालाच आणत नाही ती तशीच राहते. यूट्यूबवर बाहेरून दिसणारा सबस्क्रायबरचा आकडा हजारापुढे ढोबळ करून दाखवतात, तेव्हा तो यूट्यूब स्टुडिओत जाऊन नेमका बघून घ्या.

मग वेळ. तिन्ही ठिकाणी एकाच संध्याकाळी टाका आणि बरोबर सात दिवसांनी त्याच वेळेला वाचा. आम्ही मंगळवारी सात वाजता टाकतो, पुढच्या मंगळवारी सातचा गजर लावतो आणि तिन्ही स्क्रीनचे फोटो काढून ठेवतो. 'गेले सात दिवस' असं बटण दाबून मिळणाऱ्या आकड्यावर विसंबू नका. यूट्यूबच्या विश्लेषणातला दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनं बदलतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबारा आणि हिवाळ्यात दीडला. शिवाय तिथली सविस्तर माहिती एक-दोन दिवस मागे चालते. क्लिपखाली दिसणारा एकूण आकडा ठरलेल्या वेळी टिपणं जास्त सुरक्षित.

आता व्ह्यू म्हणजे काय, याची खात्री. तिन्हीकडे एकाच अर्थाचा व्ह्यू घेतला तरच तुलना होते. यूट्यूब शॉर्ट्सनं 31 मार्च 2025 पासून मोजणी बदलली. आता क्लिप सुरू झाली किंवा पुन्हा फिरली की एक व्ह्यू, किती वेळ पाहिली याची अट नाही. जुन्या पद्धतीचा आकडा `Engaged views` या नावानं वेगळा मिळतो आणि तो साहजिकच कमी असतो. इन्स्टाग्रामचे व्ह्यूजही सुरू होणं आणि पुन्हा फिरणं यावरच मोजले जातात. फेसबुकवर `Views` घ्या. शेजारी `3-second views` असा रकाना दिसला तर तो या हिशोबात नको. त्या तारखेच्या आधीचे तुमचे शॉर्ट्स नव्यांशेजारी मांडू नका, नाहीतर चॅनल अचानक वाढल्यासारखं वाटेल.

हे सगळं जमलं की शीट सोपी असते. प्रत्येक ठिकाणासाठी वेगळं पान घ्या. `B` मध्ये टाकतानाचे फॉलोअर्स, `C` मध्ये सात दिवसांचे व्ह्यूज, `D` मध्ये दरहजारी. दुसऱ्या ओळीत आजची क्लिप, तिच्याखाली आधीच्या दहा, आणि `E` मध्ये आजची क्लिप नेहमीच्या किती पट.

```
D2: =C2/B2*1000
E2: =D2/MEDIAN(D3:D12)
```

`D2` खालच्या सगळ्या ओळींत ओढून घ्या. या `E2` साठीच एवढी तयारी करायची, कारण दरहजारी आकडा एकटा न्याय करत नाही. शॉर्ट्स बहुतेक अनोळखी लोकांपुढे जातात. तिथं 860 नं भागलं की दर मोठाच दिसणार. समजा सबस्क्रायबर फक्त 86 असते आणि व्ह्यूज तेवढेच, तर दर 70,000 निघाला असता, चटणी मात्र तीच. हजाराच्या आत फॉलोअर्स असतील तिथं दुसऱ्या ठिकाणाशी थेट तुलना मी करतच नाही. त्याऐवजी प्रत्येक ठिकाणाला त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या दराशी ताडायचं.

आमच्या आधीच्या दहा क्लिपचा मध्यक, म्हणजे दर चढत्या क्रमानं मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, इन्स्टाग्रामवर 1,100, फेसबुकवर 500 आणि यूट्यूबवर 6,400 होता. म्हणजे कांडणाची क्लिप इन्स्टाग्रामवर नेहमीच्या दुप्पट, फेसबुकवर 1.4 पट आणि यूट्यूबवर 1.1 पट, म्हणजे जवळपास रोजचीच. मध्यकच घ्यायचा, सरासरी नाही. आमच्या फेसबुकच्या दहांत नंदीध्वजाच्या मिरवणुकीची एक क्लिप आहे, तिचा दर 9,000 होता. बाकीच्या नऊ पाचशेच्या आसपास. सरासरी काढली तर ती 1,350 च्या घरात जाते आणि चटणीची क्लिप नेहमीच्या निम्मीच चालली असं वाटतं. त्या एका मिरवणुकीमुळे वर्षभराच्या क्लिप पडलेल्या दिसाव्यात, हे मला पटत नाही. एक गोष्ट लक्षात असू द्या: त्या दहा क्लिपच्या काळात फॉलोअर्स फारसे हलले नसतील, तर दरहजारी काढा किंवा नुसते व्ह्यूज घ्या, ही पट तीच येते. दरहजारीचा उपयोग होतो तो खातं वाढत असतं तेव्हा. जुन्या क्लिपचे आजचे आकडे मात्र या दहांत घालू नका, ते कित्येक महिन्यांत साठलेले असतात. वही नसेल तर आजपासून सुरू करा आणि दहा होईपर्यंत थांबा.

शेवटचा रकाना फॉलोअर्सनी स्वतः पाहिलेल्या व्ह्यूजचा. भाजक फॉलोअर्सचा असेल तर भाज्यही त्यांचाच असावा, हे साधं गणित आहे. इन्स्टाग्राम आणि फेसबुक फॉलोअर व नवखे यांची टक्केवारी दाखवतात, यूट्यूबच्या विश्लेषणात ती `Subscription status` खाली मिळते. आमच्या क्लिपला फॉलोअर्सकडून आलेले व्ह्यूज इन्स्टाग्रामवर 30 टक्के, फेसबुकवर 60 आणि यूट्यूबवर 4 होते. त्यावरून दरहजारी निघाले 660, 420 आणि 280. मघाचा 7,000 इथं 280 वर आला आणि यूट्यूब पुन्हा तळाला गेला. दोन्ही आकडे खरेच आहेत. 7,000 मध्ये जवळजवळ सगळे अनोळखी आहेत, 280 मध्ये आपली माणसं. फक्त 660 म्हणजे हजारातल्या 660 जणांनी पाहिलं, असं वाचू नका, कारण एकानं चारदा फिरवली तर चार व्ह्यूज होतात. आणि यूट्यूबवर लॉग-इन न करता पाहणारा सबस्क्रायबर अनोळखी म्हणूनच मोजला जातो, त्यामुळे 280 थोडा कमी धरलेला आहे.

मावशीला मी शीट दाखवली. तिनं बोटानं यूट्यूबचं पान वरपासून खालपर्यंत चाचपलं आणि कडक भाकरीच्या क्लिपवर थांबली. तिथं पट 1.9 होती, आणि तीच भाकरी इन्स्टाग्रामवर 0.8. "मग हितं भाकरी टाक की, न् तिकडं चटणी," म्हणाली. एका क्लिपवरून तसं ठरवता येत नाही, म्हणून पुढचे तीन मंगळवार भाकरीच्याच तीन वेगवेगळ्या क्लिप तिन्हीकडे जाणार आहेत. मंगळवारी सातला टाकण्याआधी फॉलोअर्सचे तीन आकडे वहीत लिहायचं काम मावशीनं स्वतःकडे घेतलंय.