सिलिंडरची बंद लांबी काढताना या चुका टाळा: आट्यांच्या २८ मिलिमीटरची गोष्ट

मकरपुरा जीआयडीसीत एका छोट्या युनिटमध्ये आम्ही ड्रम उलटवणारी फ्रेम बनवली होती. हायड्रॉलिक सिलिंडर बाहेरून घेतला: ६३ बोअर, २८ रॉड, ३०० स्ट्रोक, मागे क्लेव्हिस, पुढे रॉड आय. ब्रॅकेट कुठे वेल्ड करायचा ते मीच ड्रॉइंगवरून काढून दिलं होतं. ट्रायलला फ्रेम वर जाता जाता थांबली. शेवटचे थोडे अंश राहिले आणि प्रेशर रिलीफपर्यंत चढलं. मी पंपाकडे बघतोय, व्हॉल्व्हकडे बघतोय. आमचे फिटर काका मात्र खाली वाकून रॉडकडे बघत होते. फ्रेम पुन्हा खाली आणल्यावर म्हणाले, "अहो, फ्रेम पूर्ण बसलीये, मग रॉड एवढा बाहेर कसा?"

त्यांनी स्केल लावली. रॉड जिथून बाहेर येतो त्या ग्लँडच्या तोंडापासून रॉडच्या शोल्डरपर्यंत ७८ भरले. ड्रॉइंगवर रॉड पूर्ण आत असताना हेच माप ४८ होतं. म्हणजे खालच्या टोकाला ३० मिलिमीटर स्ट्रोक नुसताच पडून होता, आणि वर स्ट्रोक कमी पडत होता. पंपाचा काही दोष नव्हता, माझी बेरीज चुकली होती.

ड्रॉइंगवर मागच्या पिनच्या सेंटरपासून पुढे एक माप होतं, २०० + स्ट्रोक. रॉड आयच्या पानावर पिन सेंटरपासून आयच्या मागच्या तोंडापर्यंत ६० होते. रॉडच्या टोकाला एम२० × १.५ चे आटे, लांबी २८. बंद लांबी, म्हणजे रॉड पूर्ण आत असताना पिन ते पिन अंतर काढायला मी सगळं जोडलं: २०० + ३०० + २८ + ६०, उत्तर ५८८. मग फ्रेम खाली असताना दोन्ही पिनांत ५९० ठेवा असं सांगून मोकळा झालो.

चूक त्या २८ मध्ये आहे. रॉडला शोल्डर असतो, म्हणजे जाड रॉड संपून बारीक आटे सुरू होतात तो टप्पा. या ड्रॉइंगवर २०० + स्ट्रोक हे माप त्या शोल्डरपाशी संपतं, रॉडच्या टोकापाशी नाही. रॉड आय आट्यांवर चढते आणि तिचं तोंड शोल्डरला येऊन टेकतं. आटे आयच्या पोटात जातात, त्यांची लांबी बाहेर उरतच नाही. खरी बेरीज अशी:

```
200 + 300 + 60 = 560
560 + 300 = 860
```

पहिली ओळ बंद लांबी, पिन ते पिन. दुसरी पूर्ण उघडी लांबी. आमच्या फ्रेमला ५९० ते ८७५ हवं होतं. ५८८ धरून माझ्या कागदावर ते ८८८ पर्यंत आरामात जात होतं, प्रत्यक्षात सिलिंडर ८६० लाच संपत होता. वर १५ मिलिमीटर कमी पडले ते असे.

म्हणून बेरजेला हात घालण्याआधी बाण बघा. मापाची बारीक रेघ रॉडवर नेमकी कुठे उतरते? शोल्डरवर, आट्यांच्या टोकावर, की थेट आयच्या पिनवर? तिन्ही प्रकार सापडतात. रेघ आट्यांच्या टोकावर असेल तर आट्यांची लांबी वजा करून शोल्डर गाठावा लागतो. रेघ पिनवरच असेल तर ६० मिळवायचे नाहीत, ते आधीच आत आहेत. कमी रिझोल्यूशनच्या पीडीएफमध्ये या रेघा एकमेकींत मिसळतात, तेव्हा अंदाज करण्यापेक्षा सप्लायरला एक ओळ लिहून विचारलेलं बरं: "बंद स्थितीत पिन ते पिन किती?"

स्ट्रोक बंद लांबीत एकदा येतो आणि उघड्या लांबीत दोनदा, हेही नवखा माणूस विसरतो. पिस्टनला जेवढं धावायचं तेवढी नळी हवीच, म्हणून तो बंद लांबीत आहे. त्यामुळे "स्ट्रोक १० जास्तच सांगा, चालेल" हा बाजारातला सल्ला जरा जपून घ्या. १० वाढवले की उघडी लांबी २० ने वाढते खरी, पण बंद लांबीही १० ने वाढते. खालची जागा तंग असेल तर सिलिंडर पिनेत बसणारच नाही.

आमच्याकडे दुरुस्ती स्वस्तात झाली. मागचा ब्रॅकेट कापून २० मिलिमीटर पुढे घेतला. त्या फ्रेमला तेव्हा खाली ५७० आणि वर साधारण ८५५ लागू लागले. खाली १० आणि वर ५ राखीव उरले. सगळं आटोपलं असं वाटत असतानाच काकांनी आय घट्ट करायला मध्ये चेक नट घातला. एम२० चा पातळ नट १० मिलिमीटरचा. आयचं तोंड शोल्डरपासून १० पुढे सरकलं, बंद लांबी ५७० झाली आणि खालची राखीव जागा शून्यावर आली. शिवाय २८ पैकी आयच्या आत फक्त १८ आटे-लांबी उरली, म्हणजे आट्याच्या व्यासापेक्षाही कमी. ओढताना सगळा भार त्या १८ वर. काढला तो नट. क्लॅम्प स्क्रूची आय आणली, ती शोल्डरला टेकवून कसता येते. चेक नट ठेवायचाच असेल तर तो बेरजेत धरा आणि आटेही तेवढे लांब मागवा.

लांब स्ट्रोकच्या सिलिंडरमध्ये स्टॉप ट्यूब असेल तर तीही बंद लांबीत मिळवायची. पिस्टन आणि ग्लँड एकमेकांपासून लांब राहावेत म्हणून ती रॉडवर बसवतात. आमच्या सिलिंडरला ५० ची असती तर बंद ६१०, उघडी ९१०, पण स्ट्रोक ३०० च. ड्रॉइंगवरचा स्ट्रोक ट्यूब धरून लिहिलाय की वगळून, ते मात्र विचारून घ्या.

आता आलेला सिलिंडर मोजायचा कसा? पिन सेंटरला टेप लावणं अवघड असतं. दोन्ही भोकांच्या आतल्या, एकमेकींकडच्या कडांमधलं अंतर घ्या आणि दोन्ही भोकांचा अर्धा अर्धा व्यास मिळवा. आमची भोकं २० ची होती: ५४० + १० + १० = ५६०.

इथे एक गंमत होते. नवा सिलिंडर पोर्टला प्लग लावून येतो, आत टेस्टिंगचं थोडं तेल असतं. रॉड हाताने ढकलला की मागच्या बाजूचं तेल आणि हवा अडकते, रॉड मध्येच कडक थांबतो आणि वाटतं आत गेला पूर्ण. माझ्या एका सहकाऱ्याने असाच ५७२ मोजला आणि सिलिंडर परत पाठवायचा म्हणून गाडीत ठेवला होता. खाली डबा धरून दोन्ही प्लग काढले, रॉड पुन्हा ढकलला, तर १२ मिलिमीटर सरकून ठक् असा आवाज आला. तो पिस्टन मागच्या कव्हरला टेकल्याचा आवाज. तो येईपर्यंत टेप काढायची नाही.