गड्ड्यावरची जुनी कॅसेट शोधताना
सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत विकली गेलेली भक्तिगीतांची कॅसेट ऑनलाइन सापडत नसेल, तर ध्रुवपदावरून शोधू नका. तशी ध्रुवपदं ढीगभर असतात. शेवटचं कडवं आठवा. त्यात बहुधा कवीची नाममुद्रा असते. ‘तुका म्हणे’ निघालं तर गायक कुणीही असू शकतो. अनोळखी नाव निघालं तर कवी बहुतेक इथलाच, कधी कधी गायकही तोच. ते नाव, देवाचं नाव आणि ‘साइड ए’ असं यूट्यूबवर टाका, कारण हौशी लोक अख्खी बाजू एकाच व्हिडिओत चढवतात. मराठीबरोबर कन्नडमध्येही शोधा, सोलापूर आहे हे! तरीही नाहीच मिळाली, तर संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर जुन्या लाऊडस्पीकरवाल्याला गाठून दोन ओळी चालीत म्हणून दाखवा. चाल ओळखू येते, शब्द विसरतात.