‘इफ आय वुड हॅव नोन’ लिहिताय? या चुका टाळा

आधी उत्तर देऊन टाकतो. ‘इफ आय वुड हॅव नोन’ हे लेखी इंग्रजीत चूक धरलं जातं. तिथे ‘इफ आय हॅड नोन’ हवं. ‘वुड हॅव’ वाक्याच्या दुसऱ्या भागात येतं, इफच्या भागात नाही: ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव सेंट अ कार.’ मला माहीत असतं तर मी गाडी पाठवली असती.

नियम एवढाच असला तरी चूक सुटत नाही. किनारपट्टीवर घरगुती मुक्काम देणारे लोक आता परदेशी पाहुण्यांशी थेट मेलवर बोलतात, आणि क्षमा मागायची वेळ आली की हे वाक्य हमखास येतं. क्षमा म्हटली की ‘कळलं असतं तर’ आलंच. स्पेलिंग तपासणारी लाल रेघही इथे उमटत नाही, कारण वाक्यातला एकही शब्द चुकीचा नसतो.

तारकर्लीच्या वाटेवर होमस्टे चालवणाऱ्या एका काकूंचा मेल माझ्याकडे तपासायला आला होता. जूनअखेरीस एक परदेशी जोडपं कुडाळ स्टेशनला उतरलं. स्टेशनवर गाडी नाही, आणि मालवणला पोचल्यावर समजलं की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. पाहुणे नाराज होऊन गेले आणि मागून त्यांनी लांबलचक तक्रार लिहिली. काकूंचं उत्तर असं होतं:

‘इफ आय वुड हॅव नोन युवर ट्रेन नंबर, आय वुड हॅव सेंट अ कार टु कुडाळ. इफ यू वुड हॅव टोल्ड मी अबाउट द फोर्ट, आय वुड हॅव टोल्ड यू दॅट द बोट्स आर क्लोज्ड इन जून. इफ आय वुड हॅव हॅड युवर फोन नंबर, आय वुड हॅव कॉल्ड यू. यू आस्क्ड इफ आय वुड हॅव रिटर्न्ड द मनी. यस, आय वुड हॅव. इफ यू वुड लाइक टु कम अगेन इन नोव्हेंबर, प्लीज राइट टु मी.’

इफ पाच वेळा आलं आहे आणि पाचही वेळा त्याच्या मागोमाग वुड आहे. त्यातली पहिली तीन वाक्यं चूक आणि शेवटची दोन बरोबर. म्हणून ‘इफनंतर वुड कधीच नाही’ हा क्लासमधला सोपा नियम पाठ करून भागत नाही. तो लावला तर काकूंच्या दोन चांगल्या वाक्यांचीही नासाडी होईल.

ही चूक मराठी माणसाच्या हातून इतकी सहज का होते? ‘मला माहीत असतं तर मी गाडी पाठवली असती.’ अलीकडे ‘असतं’, पलीकडे ‘असती’. मालवणीत ‘माका म्हायत असता तर’ म्हटलं तरी चाल तीच. घडलं नाही हे दाखवायला मराठी दोन्ही बाजूंना एकच रूप वापरते, मग इंग्रजीतही दोन्ही बाजूंना ‘वुड हॅव’ ठेवावंसं वाटतं. इंग्रजीत मात्र ही कामं वाटून दिलेली आहेत. अट खोटी आहे, तसं घडलंच नव्हतं, हे दाखवायला क्रियापद एक पायरी मागच्या काळात जातं: ‘आय नो’चं ‘आय न्यू’ होतं, त्याच्याही मागे ‘आय हॅड नोन’. वुड फक्त परिणामासाठी राखून ठेवलेलं असतं. अटीच्या बाजूला हॅड आलं की ‘तसं घडलं नव्हतं’ हे सांगून झालं. वर पुन्हा वुड कशाला?

यावर उपाय आपल्याच भाषेत आहे. वाक्य मनात मराठीत म्हणा आणि ‘तर’वर कापा. ‘तर’ ज्या भागाला चिकटलेला आहे तिथे हॅड, उरलेल्या भागात वुड हॅव. वाक्य उलटं फिरवलं तरी हे टिकतं. ‘पाठवली असती की गाडी, माहीत असतं तर’ असं आपण बोलतोच. ‘तर’ अजूनही माहीत असण्यालाच चिकटलेला आहे. म्हणून ‘आय वुड हॅव सेंट अ कार इफ आय हॅड नोन.’ जोडवाक्याचा कुठला भाग आधी आला याने काही फरक पडत नाही.

मात्र ‘तर’च्या आधी ‘असेल’ असेल तर थांबा. ‘गाडी आली असेल तर फोन करा’ यात हळहळ नाही, ही खुली शक्यता आहे. तिथे ‘इफ द ट्रेन हॅज कम’. हॅडचा संबंध ‘असता, असती, असतं’शी आहे.

आणखी एक बारीक खाच. मराठीतलं ‘मला माहीत असतं तर सांगितलं असतं’ दोन प्रसंगांना चालतं. कोणी आत्ता समोर उभं राहून विचारतंय आणि मला अजूनही माहीत नाही, तेव्हा इंग्रजीत ‘इफ आय न्यू, आय वुड टेल यू.’ पण वेळ निघून गेलेली आहे, पाहुणे स्टेशनवर ताटकळून झाले आहेत, तेव्हा ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव टोल्ड यू.’ मराठी वाक्यावरून हा फरक कळत नाही, प्रसंग पाहावा लागतो. अजून काही करता येण्याजोगं आहे की संधी गेली, एवढं स्वतःला विचारायचं. काकूंच्या मेलमधली संधी तर कधीच गेली होती.

आता तिसरं वाक्य, कारण चांगलं इंग्रजी येणारेही तिथेच अडखळतात. ‘इफ आय वुड हॅव हॅड युवर फोन नंबर’ दुरुस्त केलं की होतं ‘इफ आय हॅड हॅड युवर फोन नंबर’. दोनदा हॅड! काकूंनी तिथल्या तिथे एक हॅड खोडला. त्यांना वाटलं, माझाच हात चुकून दोनदा पडला. पण दोन्ही हवेत. पहिला हॅड काळ दाखवतो, दुसरा ‘नंबर जवळ असणं’ दाखवतो. एक काढला तर उरतं ‘इफ आय हॅड युवर नंबर’, म्हणजे आजही नंबर नाही आणि आज असता तर. पुष्कळ लोक हे कानाला खटकणारं हॅड हॅड टाळण्यासाठीच वुड हॅवकडे पळतात. टाळायचंच असेल तर क्रियापद बदला: ‘इफ यू हॅड गिव्हन मी युवर नंबर.’ पण क्षमेच्या मेलमध्ये त्याने दोष पाहुण्यावर जातो, म्हणून मी हॅड हॅडच ठेवायला सांगितलं.

त्याच न्यायाने दुसऱ्या वाक्यातलं ‘इफ यू हॅड टोल्ड मी अबाउट द फोर्ट’ व्याकरणात बरोबर असूनही पाहुण्याला टोमणा वाटू शकतं. ते ‘इफ आय हॅड नोन अबाउट युवर प्लॅन’ असं वळवलं.

चौथं वाक्य, ‘यू आस्क्ड इफ आय वुड हॅव रिटर्न्ड द मनी’, याला हात लावायचा नाही. इथला इफ म्हणजे ‘जर’ नाही, ‘का’ आहे: पैसे परत केले असते का, असं तुम्ही विचारलंत. खूण अशी की इथे इफच्या जागी ‘व्हेदर’ ठेवून पाहिलं तर वाक्य जसंच्या तसं उभं राहतं. पहिल्या तीन वाक्यांत ते ठेवून बघा, लगेच कोसळतात. पाचव्या वाक्यातला वुडही रास्त आहे, कारण तिथे इच्छा विचारली आहे. ‘इफ यू वुड लाइक’, ‘इफ यू वुड काइंडली सेंड युवर अरायव्हल टाइम’ ही सभ्य विनंतीची रोजच्या वापरातली रूपं आहेत. होमस्टेवाल्यांना ती दिवसातून चार वेळा लागतात.

दुरुस्ती झाल्यावर काकूंनी एक प्रश्न विचारला, आणि तो रास्त होता. “पण सर, आमच्याकडचे अमेरिकन पाहुणे स्वतःच असं बोलतात की. मी कानांनी ऐकलंय.”

बरोबर ऐकलंय. अमेरिकेतल्या बोलण्यात ‘इफ आय वुड हॅव नोन’ सर्रास ऐकू येतं, आणि ब्रिटिशांच्या तोंडीही ‘इफ आय’ड हॅव नोन’ असतं. हे जन्मापासून इंग्रजी बोलणारे लोक आहेत, तेव्हा हे परकीयांनी केलेलं मोडकं इंग्रजी म्हणता येत नाही. पण संपादित मजकुरात, परीक्षेत, कार्यालयीन पत्रात ते चालत नाही. शैलीची पुस्तकं त्याला दोष देतात आणि परीक्षक गुण कापतो. बोलताना सुटलं तर अडून बसू नका. लिहिताना मात्र सोडू नका. तुमचा नोकरीचा अर्ज तपासणारा माणूस ‘अमेरिकेत असं बोलतात’ हा खुलासा ऐकायला समोर बसलेला नसतो.

गोंधळ वाढवणारी दुसरी गोष्ट म्हणजे ते आखूड रूप. अपॉस्ट्रॉफी आणि डी हे हॅडचंही आखूड रूप आहे आणि वुडचंही. ‘इफ आय’ड नोन’ यातला डी हॅडचा, म्हणून ते बरोबर. ‘आय’ड हॅव सेंट अ कार’ यातला वुडचा, तेही बरोबर. दोन्ही भागांत डी दिसतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, दोन्हीकडे एकच शब्द आहे. निवाडा पुढच्या शब्दावरून करायचा: डीनंतर थेट क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर हॅड, डीनंतर हॅव आलं तर वुड. ‘इफ आय’ड हॅव नोन’ या निकषावर अडकतं आणि म्हणूनच लेखनात टाळावं. खात्री नसेल तर मेलमध्ये आखूड रूप वापरूच नका, पूर्ण शब्द लिहा. ऐकून लिहिणारे काहीजण ‘वुड हॅव’चं ‘वुड ऑफ’ करतात, ते तर दोन्ही बाजूंना चूक.

चूक एकदा लक्षात आली की लोक उलट्या बाजूला झुकतात. वुड हाकलायच्या भरात दुसऱ्या भागातलाही काढतात: ‘इफ आय हॅड नोन, आय हॅड सेंट अ कार.’ त्याचा अर्थ गाडी पाठवून झाली होती असा होतो, आणि पाहुणा आणखी चिडतो. ‘आय विश’लाही तीच लागण होते, ‘आय विश आय वुड हॅव नोन’ नको, ‘आय विश आय हॅड नोन’ हवं. तिथे पलीकडचा भागच नसतो, त्यामुळे ‘वुड हॅव’ला जागाच उरत नाही.

काकूंचा मेल शेवटी असा गेला:

‘इफ आय हॅड नोन युवर ट्रेन नंबर, आय वुड हॅव सेंट अ कार टु कुडाळ. इफ आय हॅड नोन अबाउट युवर प्लॅन, आय वुड हॅव टोल्ड यू दॅट द बोट्स आर क्लोज्ड इन जून. इफ आय हॅड हॅड युवर फोन नंबर, आय वुड हॅव कॉल्ड यू. यू आस्क्ड इफ आय वुड हॅव रिटर्न्ड द मनी. यस, आय वुड हॅव. इफ यू वुड लाइक टु कम अगेन इन नोव्हेंबर, प्लीज राइट टु मी.’

पहिल्या वाक्यात इफ गाळून ‘हॅड आय नोन युवर ट्रेन नंबर’ असंही लिहिता आलं असतं. ते शुद्ध आहे, पण वकिलाच्या नोटिशीसारखं वाटतं. बँकेला किंवा विमा कंपनीला लिहिताना शोभेल. वुडला मात्र असं पुढे आणता येत नाही. ‘वुड आय हॅव नोन’ने सुरू झालेलं वाक्य वाचणारा प्रश्न म्हणूनच वाचतो आणि शेवटी प्रश्नचिन्ह शोधत बसतो.