मोडल लॉजिक सुरू करताय? जगं नंतर, आधी बाण बघा

प्रपोझिशनल लॉजिक करून जे मोडल लॉजिककडे येतात ते पहिल्यांदा ट्रुथ टेबल शोधायला लागतात आणि तिथेच अडकतात. कारण □, म्हणजे "आवश्यक आहे" सांगणाऱ्या चिन्हाला, ट्रुथ टेबल नसतंच. "पाऊस पडतोय" हे आत्ता खरं आहे आणि "पाऊस पडतोय किंवा पडत नाहीये" हेही खरं आहे, पण पहिलं खोटं असू शकलं असतं आणि दुसरं कुठल्याही परिस्थितीत खोटं होऊच शकत नाही. दोन्हींची किंमत T, तरी □ लावल्यावर उत्तरं वेगळी. म्हणजे फक्त इथे काय खरंय एवढं बघून भागत नाही, इतर शक्य परिस्थितींकडे बघावं लागतं आणि त्या परिस्थितींनाच 'शक्य जगं' म्हणायचं.

नियम दोनच आहेत. ज्या जगात उभे आहात तिथून जी जगं "दिसतात" त्या सगळ्यांत p खरं असेल तर तिथे □p खरं, आणि त्यातल्या निदान एकात p खरं असेल तर ◇p, म्हणजे "p शक्य आहे", खरं. बरेच नवीन लोक "दिसतात" हा शब्द सोडून देतात आणि "सगळ्या जगांत खरं" एवढंच पाठ करतात. माझ्या मते सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. कुठून कुठलं जग दिसतं हे सांगणाऱ्या संबंधाला R म्हणतात, आणि तर्कशास्त्रज्ञ सॉल क्रिपकेने 1963 च्या पेपरमध्ये हा R वापरून वेगवेगळी मोडल लॉजिक्स एकाच चौकटीत बसवली.

कागदावर तीन गोल काढा, w1, w2, w3. प्रत्येक गोल म्हणजे एक जग, आणि बाण जिथे जातो ते जग तिथून दिसतं, म्हणजे बाण हाच R. w1 पासून w2 ला बाण आणि w1 पासून w3 ला बाण, w2 चा बाण स्वतःवरच, आणि w3 मधून एकही बाण बाहेर जात नाही. p म्हणजे "उसनं घेतलेलं पुस्तक परत केलंय". हे w2 आणि w3 मध्ये खरं, w1 मध्ये खोटं.

आता w1 वर उभे राहा. इथून w2 आणि w3 दिसतात, दोन्हीकडे p खरं, म्हणून w1 वर □p खरं. पण w1 मध्ये स्वतः p खोटं आहे! मग "आवश्यक आहे ते खरं असतंच", म्हणजे □p → p, हे इथे कोसळलं. ही चूक नाहीये, कारण □ चा अर्थ "करायला हवं" असा घेतला तर हे रोजचंच आहे ना, पुस्तक परत करायला हवं म्हणजे ते परत केलंय असं थोडीच होतं. तेच □ म्हणजे "मला माहीत आहे" असं वाचलं तर मात्र □p → p हवंच, कारण खोटी गोष्ट आपण मानू शकतो पण ती "माहीत" असू शकत नाही. ते मिळवायला प्रत्येक जगाला स्वतःकडे जाणारा बाण द्यायचा, बस. म्हणजे कुठला नियम पाळायचा हे बाणांची रचना ठरवते, आणि बाण कसे काढायचे हे तुम्ही □ कशासाठी वापरताय त्यावर ठरतं.

आता w3 वर या. इथून काहीच दिसत नाही. "दिसणाऱ्या सगळ्या जगांत p खरं" हे मोडायला एक तरी असं जग दाखवावं लागेल जिथे p खोटं आहे, आणि असं जगच दिसत नाही, म्हणून □p खरं. त्याच कारणाने □¬p पण खरं! आणि ◇p खोटं, कारण "निदान एक" जग लागतं ते नाहीये. हे पहिल्यांदा वाचताना फसवणूक वाटते पण नियमाप्रमाणे तंतोतंत बरोबर आहे. त्यामुळे आवश्यक आहे म्हणजे शक्य तर असणारच, असं धरून चालू नका, त्यासाठी प्रत्येक जगातून निदान एक बाण निघायला हवा.

एकात एक चिन्हं आली की घाबरू नका, आतून बाहेर यायचं. w1 वर □◇p तपासायचंय तर आधी ◇p प्रत्येक गोलाशेजारी लिहून काढा. w1 वर खरं, w2 वर खरं (तो स्वतःलाच बघतो आणि तिथे p आहे), w3 वर खोटं. आता w1 ला w2 आणि w3 दोन्ही दिसतात आणि w3 वर गाडी अडते, म्हणून □◇p खोटं. ◇◇p मात्र खरं, त्याला एकटा w2 पुरतो. हे डोक्यातल्या डोक्यात करायला गेलं की w1 चं उत्तर काढताना हमखास w1 मधलाच p बघितला जातो, तेव्हा प्रत्येक वेळी बोट बाणावर ठेवा.

हे जमलं की w3 ला स्वतःवर एक बाण देऊन सगळं पुन्हा काढून बघा: □◇p आता खरं होतं, पण w1 वर □p → p तरीही खोटंच राहतं, कारण w1 अजून स्वतःला बघत नाही.