केस कशी वाचावी आणि एका पानात कशी उतरवावी: पहिल्या वर्षाच्या ज्युनिअरला पत्र

प्रिय ज्युनिअर,

केस ब्रीफ कसा काढायचा असं तू विचारलंस. पाच रंगांचे हायलायटर घे, असा सल्ला तुला एव्हाना कोणीतरी दिलाच असेल. ते राहू दे. पान रंगतं, पण कोर्टाने नेमकं काय ठरवलं हे शेवटपर्यंत सापडत नाही. पेन्सिल पुरे.

पद्धत एकाच केसवर दाखवते म्हणजे हवेत राहणार नाही. करार कायद्याच्या पहिल्या काही तासांतच येणारी केस घेऊ: लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त, अलाहाबाद उच्च न्यायालय, १९१३. निकालपत्र जेमतेम दोन-तीन पानांचं आहे आणि तरीही वर्षानुवर्षं अर्धवट लिहिलं जातं, म्हणून शिकायला उत्तम.

निकालपत्र पूर्ण मिळव. गाइडमधला सारांश नको, आणि हेडनोटवर थांबूही नको. हेडनोट म्हणजे निकालपत्राच्या डोक्यावर छापलेला सारांश; ती संपादकाने लिहिलेली असते, न्यायाधीशाने नाही. तिच्यावर ब्रीफ काढणं म्हणजे दुसऱ्याच्या ब्रीफचा ब्रीफ काढणं. हेडनोट वाचायचीच असेल तर सगळं झाल्यावर, आपलं उत्तर ताडून पाहायला.

पहिलं वाचन पेन्सिल खाली ठेवून, सलग, न थांबता. आधी शेवट बघितलास तरी चालेल: कोण जिंकलं, काय मागितलं होतं आणि काय मिळालं. इथे वादी लालमन खालच्या कोर्टात हरला, रिव्हिजनमध्ये, म्हणजे खालचा निकाल तपासून घ्यायला, उच्च न्यायालयात आला आणि अर्ज खर्चासह फेटाळला गेला. एवढं डोक्यात असलं की वाचताना प्रत्येक परिच्छेदाला विचारता येतं, बाबा रे, तू या शेवटाकडे नेतोयस की नाही?

मग फॅक्ट्स. त्या तारखांच्या ओळीने लिही, निकालपत्रात जशा आल्यात तशा नाही. लालमन हा गौरी दत्तच्या कानपूरच्या पेढीवर मुनीम. मालकाचा पुतण्या घरातून पळून गेला. मालकाने शोधासाठी माणसं पाठवली, लालमनला रेल्वेभाडं वगैरे खर्च देऊन हरिद्वारला धाडलं. तो गेल्यानंतर मालकाने हँडबिलं काढली: मुलगा शोधून देणाऱ्याला ५०१ रुपये बक्षीस. लालमनला मुलगा ऋषिकेशला सापडला, त्याने तार केली. मालकाने त्याला दोन सोन्याची नाणी दिली, कानपूरला परतल्यावर आणखी २० रुपये दिले. त्याने तेव्हा जास्त मागितलं नाही. सहाएक महिन्यांनी नोकरीवरून काढल्यावर मात्र दावा लावला, ४९९ रुपयांचा.

आता यातलं ब्रीफमध्ये काय ठेवायचं? प्रत्येक फॅक्टवर बोट ठेव आणि ती बदलून बघ. हरिद्वारऐवजी काशी असती तर? काही फरक नाही, काढून टाक. पुतण्याऐवजी भाचा? काढून टाक. हँडबिल तो निघण्यापूर्वी निघालं असतं तर? इथे सगळंच डगमगतं. म्हणजे ‘आधी पाठवलं, नंतर हँडबिल’ हा क्रम जाड अक्षरात. तो नोकर होता आणि त्याने शोधाचं काम अंगावर घेतलं होतं, हेही राहतं. सहा महिन्यांनी काढून टाकलं हा भाग वाचायला चुरचुरीत आहे, पण निकालाचं वजन त्यावर नाही. एका शब्दात संपव.

इश्यू, म्हणजे कोर्टाने सोडवायचा मुद्दा, एका प्रश्नात लिही, आणि प्रश्नात कलम व फॅक्ट दोन्ही हवेत. ‘करार झाला का?’ हा इश्यू नव्हे, तो धड्याचा मथळा आहे.

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद वेगळ्या कप्प्यात ठेव. नवख्याचा सगळ्यात लाजिरवाणा घोटाळा इथेच होतो: वकिलाचं म्हणणं कोर्टाचं म्हणून उतरवलं जातं. या केसमध्ये लालमनच्या वकिलाने करार कायद्याच्या कलम ८ चा आधार घेतला. प्रस्तावातली अट पूर्ण केली की तीच स्वीकृती, प्रस्ताव माहीत असण्याची गरज नाही, असं त्याचं म्हणणं. निकालपत्रात हे इतकं स्वच्छ मांडलंय की घाईत वाचणाऱ्याला वाटतं, हाच कायदा! ‘असे प्रतिपादन करण्यात आले’, ‘विद्वान वकिलांचे म्हणणे’ अशा शब्दांपाशी समासात ‘यु’ लिही आणि ‘माझ्या मते’ दिसलं की ‘को’. तेवढ्याने हा घोटाळा टळतो.

आता खरा चढ: रेशो. कोर्टाने ज्या कारणाने हा निकाल दिला ते कारण, नियमाच्या रूपात. बाकी जाता जाता म्हटलेलं ते ऑबिटर. व्याख्या कोणीही पाठ म्हणतं. कागदावर उतरवताना घाम फुटतो, कारण निकालपत्रात ‘हा घ्या रेशो’ असं कुठेच लिहिलेलं नसतं.

उलटापालट करून बघायची एक जुनी युक्ती आहे. यूजीन वॉम्बॉ या अमेरिकन प्राध्यापकाने ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडली. तुला जे वाक्य रेशो वाटतंय ते उलटं करायचं आणि विचारायचं, कोर्टाने हे उलटं मानलं असतं तर निकाल बदलला असता का? बदलला असता तर वाक्य रेशोच्या लायकीचं. तसाच राहिला असता तर ते ऑबिटर.

लालमनवर लावू. लोकप्रिय रेशो असा: ‘प्रस्ताव माहीत नसेल तर स्वीकृती नाही, आणि स्वीकृतीशिवाय करार नाही.’ न्यायमूर्ती बॅनर्जी हे म्हणतात, यात वाद नाही. बहुतेकांचा ब्रीफ इथेच संपतो. पण निकालपत्र संपत नाही. पुढे ते म्हणतात की हरवलेला नातलग शोधणं हे मुनीमाचं नेहमीचं काम नव्हे हे खरं, पण हरिद्वारला जायला तयार झाल्यावर लालमनने ते कर्तव्य पत्करलं. बक्षीस जाहीर होण्याआधीच तो त्या बंधनात होता. म्हणून मुलगा शोधणं हे मालकाच्या वचनाचं प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात दिलेला मोबदला, ठरत नाही. हे दुसरं, स्वतंत्र कारण आहे, आणि अर्ज फेटाळण्याच्या अगदी आधीचं आहे.

आता पहिलं वाक्य उलटं कर: प्रस्ताव माहीत असण्याची गरज नाही. निकाल बदलेल? नाही, कारण प्रतिफल नाही म्हणून लालमन तरीही हरेल. दुसरं उलटं कर: आधीचं कर्तव्य पार पाडणंही प्रतिफल ठरतं. निकाल बदलेल? नाही, पहिल्या कारणावर तो हरेलच. युक्तीप्रमाणे दोन्ही कारणं ऑबिटर, आणि केसला रेशोच नाही!

हा मूर्खपणा झाला, आणि युक्तीची मर्यादा ती हीच. कारण एकच असेल तर ती चोख चालते. न्यायाधीशाने दोन स्वतंत्र कारणं दिली की ती दोन्ही पाडते. अशा वेळी दोन्ही रेशो धरायचे. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, १९५० मध्ये जेकब्स विरुद्ध लंडन काउंटी कौन्सिलमध्ये हेच सांगितलं: न्यायाधीशाने निकालाचं कारण म्हणून जे दिलं ते, केवळ आणखी एक कारणही दिलंय म्हणून, ऑबिटर होत नाही. तेव्हा युक्ती लावण्याआधी कारणं मोज.

दुसरं कारण लिहिलं नाही तर काय बिघडतं? हे बघ. परीक्षेत प्रश्न आला: नोकराला शोधायला पाठवलं, दुसऱ्या गावात त्याने बक्षिसाची जाहिरात वाचली आणि त्यानंतर मुलगा शोधला. नुसतं ‘माहिती हवी’ लिहिलेल्याचं उत्तर: माहिती होती, लालमनची केस लागू नाही, बक्षीस द्या. साफ चूक. दुसरं कारण जसंच्या तसं लागू आहे, कारण कर्तव्य जाहिरातीच्या आधीचं आहे. तेच, नोकराने आधी जाहिरात वाचली आणि मग जायला होकार दिला, तर दोन्ही कारणं गळतात आणि ही केस त्याला अडवत नाही. आणि कोणी तिऱ्हाइताने काहीच माहीत नसताना मुलगा आणून दिला, तर त्याला फक्त पहिलं कारण अडवतं. रेशो लिहून झाला की अशी दोन-तीन काल्पनिक माणसं त्यावर चालवून बघायचीच. रेशो उत्तर देत नसेल तर तो अर्धा आहे.

राहिली रुंदी. ‘मुनीमाला पुतण्या शोधल्याचं बक्षीस मिळत नाही’ हे इतकं अरुंद की पुन्हा कधी कामाला येणार नाही. ‘नोकराला मालकाकडून बक्षीस मागता येत नाही’ हे इतकं सैल की कोर्टाने म्हटलेलंच नाही. वर जाड अक्षरात ठेवलेल्या फॅक्ट्स रेशोत दिसल्या पाहिजेत, खोडलेल्या दिसता कामा नयेत. रुंदी मोजायची माझ्या मते एवढीच पट्टी आहे.

तयार ब्रीफ असा दिसतो:

लालमन शुक्ला वि. गौरी दत्त, अलाहाबाद उच्च न्यायालय, १९१३, न्या. बॅनर्जी. रिव्हिजन.
फॅक्ट्स: मालकाने मुनीमाला हरवलेला मुलगा शोधायला खर्च देऊन पाठवलं. त्यानंतर ५०१ रु. बक्षिसाची हँडबिलं काढली. मुनीमाला मुलगा सापडला. पुढे बक्षिसाचा दावा.
इश्यू: शोधाला निघाल्यानंतर जाहीर झालेलं बक्षीस, केवळ अट पूर्ण केली म्हणून, कलम ८ खाली मागता येतं का?
वादी: अट पूर्ण केली हीच स्वीकृती, माहिती अनावश्यक.
निकाल: नाही. अर्ज फेटाळला.
रेशो १: असा दावा करारावरच उभा राहतो, आणि प्रस्ताव माहीत असल्याशिवाय स्वीकृती नाही.
रेशो २: प्रस्तावाआधीच पत्करलेलं कर्तव्य पार पाडणं हे त्या प्रस्तावाचं प्रतिफल नाही.

शंभर शब्दांच्या आसपास. मोठ्या घटनापीठाच्या केसचाही एक पानाच्या पुढे जाऊ देऊ नकोस. तिथे मात्र प्रत्येक न्यायाधीशाचं कारण वेगळं लिही आणि कोणत्या कारणावर बहुमत झालं ते मोज. निकालावर एकमत आणि कारणांवर फाटाफूट असं सर्रास असतं.

खाली चार ओळी कोऱ्या सोड. नंतर ही केस कुठे पाळली गेली, कुठे वेगळी काढली, कुठे रद्द ठरली हे तिथे पेन्सिलीने येईल. निकालाशी तू सहमत आहेस की नाही हेही तिथेच. रेशोच्या ओळीत स्वतःचं मत घुसलं की सहा महिन्यांनी कोर्टाचं कोणतं आणि तुझं कोणतं हे तुलाच सांगता येत नाही.

लालमन झाली की मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष, १९०३ घे. ब्रीफ काढून पाठव, पण आधी त्यातली कारणं मोजून.

तुझी,
शेवटच्या वर्षाची सिनिअर