होर्मुझमधून जहाज कोणत्या हक्काने जाते? इनोसंट आणि ट्रान्झिट पॅसेजबाबतच्या या चुका टाळा

होर्मुझच्या सामुद्रधुनीत एखादे जहाज अडवले गेले की दोन वाक्ये लगेच कानावर येतात. एक, ‘ते आंतरराष्ट्रीय पाणी आहे, तिथे इराणचा काय संबंध?’ आणि दुसरे, ‘ती इराणची हद्द आहे, त्याला वाटेल तेव्हा तो वाट बंद करू शकतो.’ दोन्ही वाक्ये चुकीची आहेत आणि चूक मुळात एकच आहे. परक्या देशाच्या हद्दीतून जाण्याचे दोन वेगळे हक्क आहेत, इनोसंट पॅसेज म्हणजे निरुपद्रवी प्रवास आणि ट्रान्झिट पॅसेज म्हणजे पारगमन. त्यांची गल्लत झाली की पुढचे सगळे निष्कर्ष चुकत जातात. मर्चंट नेव्हीची परीक्षा देणाऱ्यांच्या आणि आंतरराष्ट्रीय संबंध शिकणाऱ्यांच्या उत्तरांतही हीच गल्लत दिसते, म्हणून होर्मुझच समोर ठेवून ती सोडवू.

‘मधोमध खुला समुद्र असतोच’ असे धरून चालणे

आधी साधी वजाबाकी करा. होर्मुझ सर्वांत अरुंद जागी सुमारे 21 सागरी मैल रुंद आहे, म्हणजे साधारण 39 किलोमीटर. देशांच्या हद्दी 3 सागरी मैलांच्या होत्या तेव्हा दोन्ही बाजूंचे मिळून 6 मैल जात आणि मध्ये 15 मैल खुला समुद्र उरे. इराणने 1959 मध्ये आणि ओमानने 1972 मध्ये 12 मैलांची हद्द घेतली. बारा आणि बारा चोवीस, आणि रुंदी एकवीस. मध्ये काहीच उरले नाही.

जगातल्या शंभरहून अधिक सामुद्रधुनींचे असेच होणार होते. त्यामुळे 1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारात देवाणघेवाण झाली. किनारी देशांना 12 मैल मिळाले आणि त्या बदल्यात अशा सामुद्रधुनींतून जाण्याचा एक नवा, भक्कम हक्क जहाजांना मिळाला. तोच ट्रान्झिट पॅसेज. म्हणून ‘आंतरराष्ट्रीय नौकानयनासाठी वापरली जाणारी सामुद्रधुनी’ या शब्दांचा अर्थ ‘कोणाच्याच मालकीची नसलेली’ असा घेऊ नका. होर्मुझमध्ये जहाजांसाठी आखलेल्या मार्गिका मुसंदम द्वीपकल्पाच्या उत्तरेला आहेत. येण्याची मार्गिका 2 मैलांची, जाण्याची 2 मैलांची आणि मध्ये 2 मैलांचा दुभाजक पट्टा. तिथले पाणी ओमानचे आहे. जहाज परक्या हद्दीतच असते, पण त्याच्या हातात हक्क असतो.

एका हक्काचे नियम दुसऱ्याला लावणे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. करारातली कलमे 17 ते 32 इनोसंट पॅसेजची आणि 37 ते 44 ट्रान्झिट पॅसेजची आहेत. उत्तर लिहिताना पहिल्या गटातले नियम बिनदिक्कत दुसऱ्या गटात नेले जातात.

पाणबुडीचे उदाहरण घ्या. मुंबईसमोरच्या आपल्या 12 मैलांत परकी पाणबुडी आली तर कलम 20 प्रमाणे तिने पाण्यावर यायचे आणि झेंडा दाखवायचा. ट्रान्झिट पॅसेजच्या कलमांत असा नियमच नाही. कलम 39 म्हणते की जहाजाने आपल्या ‘नेहमीच्या पद्धतीने’, न थांबता आणि लवकर जावे. पाणबुडीची नेहमीची पद्धत पाण्याखालून जाण्याची, म्हणून ती बुडलेलीच जाऊ शकते, असा अर्थ बहुतेक सागरी देश लावतात. करारात ‘बुडून जाता येईल’ असे वाक्य शोधू नका. ते सापडणार नाही, कारण ते लिहिणे जाणूनबुजून टाळले आहे. विमानांची गोष्ट याहून सोपी आहे. इनोसंट पॅसेजमध्ये त्यांना जागाच नाही, तर ट्रान्झिट पॅसेज कलम 38 मध्ये जहाजांइतकाच विमानांनाही स्पष्ट दिलेला आहे.

दुसरी गल्लत वाट बंद करण्याची. साध्या सागरी हद्दीत किनारी देश सुरक्षेसाठी इनोसंट पॅसेज काही काळ थांबवू शकतो. अट अशी की जागा नेमकी सांगायची, आधी जाहीर करायचे आणि देशादेशांत भेद करायचा नाही. कलम 25 मधली ही मुभा उचलून लोक होर्मुझला लावतात. पण कलम 44 सांगते की किनारी देशाने ट्रान्झिट पॅसेजमध्ये अडथळा आणायचा नाही आणि तो थांबवायचाही नाही. तिथे ‘तात्पुरते’ हा शब्दसुद्धा नाही.

आणि तिसरी गल्लत ‘निरुपद्रवीपणा’ची. शस्त्रसराव, हेरगिरी, मासेमारी अशा 12 कृत्यांची यादी कलम 19 मध्ये आहे. त्यातले काही केले की प्रवास निरुपद्रवी राहत नाही, आणि तसा प्रवास रोखायला किनारी देश मोकळा असतो. ट्रान्झिट पॅसेजमध्ये ही चाळणीच नाही. जहाजावर कर्तव्ये आहेत, बळाचा वापर किंवा धमकी नको, प्रदूषण आणि टक्कर टाळण्याचे नियम पाळा, परवानगीशिवाय सागरी सर्वेक्षण करू नका. पण कर्तव्य चुकले म्हणून जहाज लगेच अडवता येते असे नाही. व्यापारी जहाजाने सुरक्षेचे किंवा प्रदूषणाचे नियम मोडून सागरी पर्यावरणाला मोठी हानी केली किंवा तसा धोका निर्माण केला, तर कलम 233 कारवाईची वाट देते. ‘मोठी’ हा शब्द तिथे मुद्दाम आहे.

नकाशावर चिंचोळे पाणी दिसले की ट्रान्झिट पॅसेज म्हणणे

कलम 37 ची कसोटी अशी की सामुद्रधुनीच्या दोन्ही टोकांना खुला समुद्र किंवा विशेष आर्थिक क्षेत्र हवे, म्हणजे हद्दीपलीकडचा असा पट्टा जिथल्या मासे-तेलावर किनारी देशाचा हक्क असतो. होर्मुझ इथे पास होते. इराणचे आखात दुसऱ्या बाजूने बंद असले तरी आत आर्थिक क्षेत्राएवढी जागा आहे. ‘आखात बंद, म्हणून हक्क कमी’ हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. तो टिकतो अकाबाच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या तिरानला. आत पोहोचल्यावर फक्त देशांच्या हद्दीच आहेत, म्हणून कराराप्रमाणे तिथे इनोसंट पॅसेज, मात्र न थांबवता येणारा. (तिरानसाठी इजिप्त आणि इस्रायलचा 1979 चा शांतता करार वेगळी तरतूद करतो, ती नजरेआड करू नका.) इटलीची मुख्य भूमी आणि सिसिली यांमधली मेसिना सामुद्रधुनी दोन्ही टोकांना खुली आहे, तरीही बेटाच्या पलीकडून तितकीच सोयीची वाट असल्याने तिथे ट्रान्झिट पॅसेज नाही. आणि तुर्कस्तानातल्या बॉस्फरसला यातले काहीच लागू करू नका. तिथे 1936 चा माँत्रो करार चालतो.

सही आणि मान्यता यांतला फरक न पाहणे

होर्मुझचा खरा पेच इथे आहे, आणि वर्तमानपत्री लेखांत तो क्वचितच दिसतो. इराणने 1982 मध्ये करारावर सही केली, पण त्याला मान्यता दिलेली नाही. सही करतानाच त्याने निवेदन दिले की ट्रान्झिट पॅसेज हा कराराने निर्माण झालेला हक्क आहे, म्हणून तो करारातल्या देशांनाच मिळेल. अमेरिकाही करारात नाही. तिचे म्हणणे याच्या उलट, की हा हक्क आता रूढ आंतरराष्ट्रीय कायदा झाला आहे आणि सगळ्यांना लागू आहे. इराणच्या 1993 च्या कायद्यात परक्या युद्धनौका, पाणबुड्या आणि अणुशक्तीवर चालणाऱ्या जहाजांना पूर्वपरवानगीची अट आहे. ओमानने 1989 मध्ये मान्यता दिली खरी, पण युद्धनौकांसाठी त्याची भाषाही पूर्वपरवानगीसह इनोसंट पॅसेजची आहे, आणि पाणबुड्यांनी वर यावे असे त्याचे म्हणणे आहे. ज्याच्या पाण्यात मार्गिका आहेत त्याचेच हे निवेदन, म्हणून ते वगळून चालत नाही.

मग इराणचे म्हणणे जसेच्या तसे मान्य केले तर होर्मुझ बंद करता येते का? नाही. ट्रान्झिट पॅसेज काढून घेतला तर खाली शून्य उरत नाही, आधीचा नियम उरतो. 1946 मध्ये अल्बानियाच्या कोर्फू चॅनेलमध्ये दोन ब्रिटिश युद्धनौका सुरुंगांवर आदळल्या. त्या खटल्यात 1949 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितले की खुल्या समुद्राचे दोन भाग जोडणाऱ्या आणि आंतरराष्ट्रीय नौकानयनाला वापरल्या जाणाऱ्या सामुद्रधुनीतून, शांततेच्या काळात, युद्धनौकांनाही परवानगीशिवाय इनोसंट पॅसेज आहे आणि किनारी देश त्याला मनाई करू शकत नाही. म्हणजे वाद पाणबुडीने वर यावे की नाही, विमान जाऊ शकते की नाही, यावर होऊ शकतो. शांततेत व्यापारी जहाजाची वाट बंद करण्याचा अधिकार दोन्ही बाजूंच्या कायद्यातून निघत नाही.

जहाज कुठे होते आणि चालत होते का, हे न विचारणे

ट्रान्झिट पॅसेज जहाजाला चिकटलेला नसतो, तो त्याच्या प्रवासाला असतो. संकट किंवा बिघाड नसताना जहाज नांगर टाकून बसले, तरंगत राहिले किंवा दुसऱ्या जहाजात तेल भरू लागले, तर कलम 38 प्रमाणे ते कृत्य या हक्कात मोडत नाही आणि किनारी देशाचे इतर नियम लागू होतात. उलट बंदर अब्बासला जाणारे जहाज इराणमध्येच थांबणार असले तरी सामुद्रधुनीतला त्याचा प्रवास याच हक्कात बसतो. बंदरात शिरण्याच्या अटी तेवढ्या इराणच्या.

आता 19 जुलै 2019 चे प्रकरण या प्रश्नांनी तपासून पाहा. ब्रिटिश झेंड्याचा स्टेना इम्पेरो हा टँकर फुजैराहून सौदीतल्या जुबैलकडे निघाला होता. 23 खलाशांपैकी 18 भारतीय होते. इराणी गस्ती नौकेने रेडिओवर त्याला दिशा 360 अंशांवर आणायला सांगितले, म्हणजे सरळ उत्तरेला, इराणकडे. ब्रिटिश युद्धनौकेने टँकरला रेडिओवरून सांगितले की तुम्ही ट्रान्झिट पॅसेज करत आहात आणि त्यात अडथळा आणता येत नाही. थोड्या वेळाने हेलिकॉप्टरमधून जवान डेकवर उतरले.

ब्रिटनच्या म्हणण्याप्रमाणे टँकर ओमानच्या पाण्यात होता. ते खरे असेल तर इनोसंट की ट्रान्झिट हा प्रश्नच उरत नाही, कारण इराण तिथला किनारी देशच नाही. इराणचे म्हणणे होते की टँकरने मासेमारी बोटीला धडक दिली आणि हाकांना उत्तर दिले नाही. जागा इराणची होती असे क्षणभर धरा. मग हक्काचे नाव निर्णायक ठरते. इनोसंट पॅसेजच्या कलम 27 मध्ये गुन्ह्याचे परिणाम किनारी देशापर्यंत पोहोचत असतील तर जहाजावर चढण्याला वाव आहे, आणि स्थानिक बोटीला धडक हा त्यासाठी बरा आधार झाला असता. ट्रान्झिट पॅसेजच्या कलमांत असा आधार नाही, आणि बोटीची धडक ही कलम 233 मधली ‘मोठी हानी’ नव्हे.

दोघेही करारात असते तर कलम 292 खाली हमी भरून जहाज तातडीने सोडवण्यासाठी हॅम्बर्गच्या सागरी न्यायाधिकरणाचे दार ठोठावण्याचा मार्ग होता. त्यातही हे प्रकरण बसते का यावर वाद झालाच असता. पण इराण करारात नसल्याने ते दार बंदच होते. टँकरने 27 सप्टेंबरला, दहा आठवड्यांनी, बंदर अब्बास सोडले.