क्रम लावायचा नाही, उत्तर ठरतंय का ते बघायचं: डेटा सफिशियन्सीत या चुका टाळा

साताऱ्यातल्या अभ्यासिकांमध्ये बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी हुशार मुलंही क्रमवारीवरच्या डेटा सफिशियन्सीत हमखास मार्क घालवतात. गणित त्यांना येत असतं. पण ती सगळा क्रम लावत बसतात आणि क्रम पूर्ण झाला नाही की 'माहिती अपुरी' या पर्यायावर खूण करतात.

हे उदाहरण बघा. यवतेश्वर घाटात अमोल, भरत, चेतन, दीपक आणि ईशान धावले. कुणीही बरोबरीत आलं नाही. तिसरा कोण आला?

पहिलं विधान: अमोल हा भरत आणि चेतन या दोघांच्याही पुढे, पण दीपकच्या मागे होता.
दुसरं विधान: ईशान दीपकच्या पुढे होता.

पहिल्या विधानात ईशानचा पत्ताच नाही. तो पहिला आला असेल तर अमोल तिसरा, आणि शेवटी आला असेल तर भरत किंवा चेतन तिसरा. म्हणजे हे एकटं पुरत नाही. दुसरं तपासताना पहिलं हाताने झाकून ठेवा, कारण नुकतंच वाचलेलं डोक्यात राहतं आणि नकळत वापरलं जातं. तेही एकटं पुरत नाही. आता दोन्ही एकत्र घ्या: ईशान, दीपक, अमोल आणि त्यामागे भरत-चेतन. या दोघांत पुढे कोण, ते कळत नाही. अनेक जण इथेच अडकतात. पण विचारलाय तिसरा, आणि तो दोन्ही क्रमांत अमोलच आहे. दोन्ही विधानं मिळून माहिती पुरेशी आहे. हाच प्रश्न 'शेवटचा कोण?' असा असता, तर तीच विधानं अपुरी पडली असती.

उलटी चूकही तितकीच होते. समजा, दुसऱ्या विधानात ईशान दीपकच्या मागे आहे. घाईत आपण दीपक, ईशान, अमोल असं मांडतो आणि अमोलवर खूण करतो. पण दीपक, अमोल, ईशान हा क्रमही विधानांत बसतो आणि मग तिसरा ईशान ठरतो. म्हणून एक क्रम जमला की थांबू नका. वेगळं उत्तर देणारा दुसरा क्रम मुद्दाम शोधा. तो सापडला की माहिती अपुरी, विषय संपला.

रांगेच्या प्रश्नात हा दुसरा क्रम सहसा सुटतो. अमोल पुढून 12वा, भरत मागून 15वा, मध्ये 4 जण. रांगेत एकूण किती? बेरीज करून 31 लिहिलं जातं. ते अमोल पुढे असेल तरच खरं. भरत पुढे असेल तर अमोल, भरत आणि मधले 4 असे सहाही जण दोन्ही मोजणीत येतात, म्हणून 27 मधून 6 वजा होऊन 21 उरतात. दोघांत पुढे कोण, हे दिलेलं नसेल तर 31 आणि 21 दोन्ही शक्य आहेत.